रात्रीचा रोजमेळ: गल्ल्यावरून विक्री कशी काढावी

प्रश्न: धायरी येथे आमचे छोटे किराणा दुकान आहे. मी आणि माझे यजमान दोघेच ते पाहतो. रोज दहा-अकरा हजारांचा धंदा होतो असे वाटते, तरी वितरकाचा माणूस पैसे मागायला आला की द्यायला पुरेशी रक्कम नसते. आमच्यापैकी कोणीही कॉमर्स शिकलेले नाही. दिवसाला दीडशे गिऱ्हाइके येतात, प्रत्येकाचे बिल करणे जमत नाही. रोज नेमके काय लिहावे? त्यासाठी कॉम्प्युटर घ्यावा लागेल का?
— एक वाचक, धायरी, पुणे

सप्रेम नमस्कार,

कॉम्प्युटर तूर्त घेऊ नका. एक लांब वही रोजमेळासाठी, दुसरी उधारीसाठी आणि खरेदीची बिले ओवून ठेवण्यासाठी एक तार, एवढ्या साहित्यावर आपले काम भागेल. लाल कापडी बांधणीचीच वही हवी असेही नाही. मात्र पाने सुटी होणारी वही घेऊ नये, आणि लिहिताना चूक झाली तर ती खोडरबराने न पुसता एका रेघेने छेदून शेजारी बरोबर आकडा लिहावा.

दीडशे गिऱ्हाइकांची विक्री एकेक करून लिहिणे जमत नसेल, तर विक्री लिहायचीच नाही; ती रात्री गल्ल्यावरून उलट दिशेने काढायची. त्यासाठी दिवसभरात दोनच प्रकारच्या गोष्टी टिपाव्या लागतात. गल्ल्यातून जे काही बाहेर गेले ते सर्व, आणि गल्ल्यात जे आले पण विक्रीचे नव्हते ते सर्व. किराणा दुकानात अशा नोंदी दिवसाला सहसा दहा-पंधरापेक्षा जास्त होत नाहीत. रोजमेळाच्या जुन्या पद्धतीनुसार पानाच्या डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे, म्हणजे गेलेली रक्कम, लिहितात. आपणही तेच करावे, म्हणजे पुढे कधी कर सल्लागाराला वही दाखवाल तेव्हा त्याला ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

एका दिवसाचे उदाहरण पूर्ण मांडून दाखवतो. आकडे मी आपल्या दुकानाच्या आकारमानाला शोभतील असे घेतले आहेत.

सकाळी दुकान उघडताना गल्ल्यात सुट्यांसह १,५०० रुपये होते. ही आरंभीची शिल्लक डाव्या बाजूला पहिल्या ओळीत लिहिली. दिवसभरात दूध-ब्रेडवाल्याला १,२६० रुपये रोख दिले, मार्केट यार्डातून माल घेऊन आलेल्या टेम्पोचे भाडे व हमाली मिळून १८० रुपये गेले, चहाचे ४० रुपये झाले, घरच्या भाजीसाठी ३०० रुपये काढले आणि यजमानांनी स्कूटरच्या पेट्रोलसाठी २०० रुपये नेले. ही उजवी बाजू झाली, तिची बेरीज १,९८०. डाव्या बाजूला आणखी दोन नोंदी आल्या: एका गिऱ्हाइकाने मागील उधारीपोटी ८५० रुपये रोख दिले, आणि सुट्यांची चणचण पडली म्हणून आपण घरातून ५०० रुपये आणून गल्ल्यात टाकले. या दोन्ही रकमा गल्ल्यात आल्या खऱ्या, पण त्या आजची विक्री नव्हेत. त्यांची बेरीज १,३५०.

रात्री शटर खाली ओढल्यावर नोटा व नाणी मोजली, ती ६,८४० रुपये भरली. आता या ६,८४० मध्ये बाहेर गेलेले १,९८० मिळवावे, कारण ते गेले नसते तर गल्ल्यातच असते. झाले ८,८२०. त्यातून सकाळचे १,५०० आणि विक्रीखेरीज आलेले १,३५० वजा करावे. राहिले ५,९७० रुपये, आणि हीच त्या दिवसाची रोख विक्री.

त्यानंतर क्यूआरवर आलेली रक्कम पाहावी. व्यापारी ॲपमध्ये दिवसाची एकूण बेरीज दिसते. समजा ती ४,६३० रुपये आहे आणि त्यातील ४०० रुपये एका गिऱ्हाइकाने जुन्या उधारीचे पाठवले आहेत. म्हणजे ऑनलाइन विक्री ४,२३०. उधारीच्या वहीवर आज नव्याने ७२० रुपयांचा माल गेला. रोख ५,९७०, ऑनलाइन ४,२३० आणि उधार ७२० मिळून आजची एकूण विक्री १०,९२० रुपये झाली. गल्ल्यातील ६,८४० आणि ॲपवरील ४,६३० यांची नुसती बेरीज केली असती, तर ११,४७० रुपयांचा धंदा झाला असे वाटले असते. त्यात सकाळचे सुटे, घरून आणलेले पैसे आणि गेल्या महिन्यातील उधारी असे सगळे मिसळलेले असते, तर दूधवाल्याला दिलेले पैसे त्यात मुळीच नसतात. हा फरक काही दिवशी वर जातो तर काही दिवशी खाली, त्यामुळे केवळ अंदाजाने चालणाऱ्या माणसाला आपला अंदाज नेमका कोणत्या बाजूला चुकतो हेही कळत नाही.

उजव्या बाजूच्या प्रत्येक रकमेपुढे एक अक्षर लिहिण्याची सवय लावून घ्यावी. विकण्यासाठी रोखीने घेतलेल्या मालाला ‘मा’, दुकानाच्या खर्चाला ‘ख’, घरासाठी काढलेल्या उचलीला ‘घ’, आणि वितरकाच्या जुन्या बिलापोटी दिलेल्या रकमेला ‘दे’, म्हणजे देणे फेडले. वरील उदाहरणात दूध-ब्रेड ‘मा’, टेम्पो व चहा ‘ख’, आणि भाजी व पेट्रोल ‘घ’ होतील. पेट्रोल दुकानाच्या कामासाठी जाळले की घरच्या, यावर दररोज वाद घालत बसू नये. माल आणण्याची फेरी असेल तर ‘ख’, एरवी ‘घ’. ‘मा’ आणि ‘दे’ यांतील भेद मात्र काटेकोरपणे पाळावा. वितरकाचा माल उतरला त्याच दिवशी त्याचे बिल तारेत ओवले जाते आणि खरेदी तेव्हाच मोजली जाते. पंधरा दिवसांनी त्याचे पैसे देताना तीच रक्कम पुन्हा ‘मा’ म्हणून लिहिली, तर एकच खरेदी दोनदा धरली जाऊन महिनाअखेरीस तोटा झाल्याचे खोटेच दिसते. दूधवाल्यासारखा जो बिल देत नाही, त्याच्या रकमेची आपणच एक चिठ्ठी लिहून तारेत ओवावी. वितरकांसाठी उधारीच्या वहीचा मागचा भाग राखून ठेवावा, प्रत्येकाला एक पान द्यावे, आणि त्यावर बिल आले की रक्कम वाढवावी, पैसे दिले की कमी करावी.

आपण दोघे आळीपाळीने गल्ल्यावर बसता, म्हणून एक सूचना. ‘रात्री आठवून लिहू’ असे ठरवल्यास पहिल्या आठवड्यातच नोंदी सुटू लागतात. गल्ल्यातच कागदाचे छोटे तुकडे आणि पेन्सिल ठेवावी, आणि जो नोट बाहेर काढेल त्याने तिच्या जागी रकमेची चिठ्ठी टाकूनच गल्ला बंद करावा. रात्री नोटांबरोबर चिठ्ठ्याही मोजल्या जातात. तसेच पैसे मोजून झाल्यावर एखादे गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून साखर मागू लागले, तर ते पैसे बाजूला ठेवून दुसऱ्या दिवसाच्या पानात धरावेत. मोजणी झाली की त्या दिवसाचे पान मिटले.

क्यूआरबाबत दोन गोष्टी. पहिली, तो घरच्या बचत खात्याला जोडलेला असेल तर दुकानासाठी वेगळे खाते उघडून त्याला जोडून घ्यावा, कारण ज्या खात्यातून घराचा हप्ता आणि मुलांची फी जाते, त्याच खात्यात दुकानाची विक्री जमा होत राहिली तर कोणतीही वही ते पीठ-मीठ पुन्हा वेगळे करू शकणार नाही. दुसरी, काही व्यापारी ॲपमध्ये दिवसभराची रक्कम दुसऱ्या दिवशी एकत्रितपणे बँकेत जमा होते. म्हणून विक्रीसाठी ॲपमधील त्या दिवसाची बेरीज धरावी, बँकेत कधी जमा झाली ते पाहू नये, आणि महिन्यातून एकदा दोन्हींच्या बेरजा जुळवाव्यात. ‘पाचशे ऑनलाइन टाकते, मला रोख द्या’ म्हणणारे गिऱ्हाईक आपल्याकडेही येत असेलच. त्याची नोंद राहून गेली तर ऑनलाइन विक्री ५०० ने जास्त आणि रोख विक्री ५०० ने कमी दिसेल, एकूण विक्री मात्र बरोबरच राहील. म्हणून त्या एका विसरण्यावरून घरात भांडण करू नये.

या पद्धतीची एक मोठी मर्यादा आपल्याला आधीच माहीत असायला हवी. विक्री गल्ल्यावरून काढलेली असल्यामुळे गल्ला कधीच ‘चुकत’ नाही. कोणी २०० रुपये काढले आणि लिहिले नाहीत, किंवा सुटे देताना शंभराची नोट जास्त गेली, तर वही तेवढी विक्रीच झाली नाही असे समजते आणि हिशेब मुकाट्याने जुळतो. प्रत्येक विक्रीचे बिल होते तिथे बिलांची बेरीज आणि गल्ला समोरासमोर ठेवून तूट त्याच रात्री पकडता येते. आपल्याला ती रोज पकडता येणार नाही, महिन्याला पकडता येईल, आणि तेही दुकानातील माल मोजला तरच.

ती मोजणी कशी करायची, हे एका महिन्याच्या उदाहरणाने सांगतो. १ तारखेला दुकानात खरेदीच्या दराने १,८०,००० रुपयांचा माल होता. महिन्याभरात तारेतील सर्व बिले व चिठ्ठ्या मिळून २,९५,००० रुपयांची खरेदी झाली. महिनाअखेरीस मोजला तेव्हा १,९२,००० रुपयांचा माल शिल्लक होता. म्हणजे पहिल्या दोन रकमांच्या बेरजेतून शेवटची वजा करता, विकल्या गेलेल्या मालाची खरेदी किंमत २,८३,००० रुपये झाली. तीस दिवसांच्या पानांवरील एकूण विक्रीची बेरीज ३,१८,००० आहे. फरक ३५,०००, म्हणजे विक्रीच्या ११ टक्के. याला आपण मालावरील सुटलेले पैसे म्हणू. साखर आणि तेलात फारच थोडे सुटते, मसाले, सुकामेवा आणि सुट्या मालात अधिक सुटते, त्यामुळे प्रत्येक दुकानाचा टक्का त्याच्या मालाच्या मिश्रणावर ठरतो. आपला टक्का शेजारच्या दुकानाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. तो आपल्याच मागील महिन्यांशी ताडावा.

आता गळती कशी दिसते ते पाहा. समजा याच महिन्यात घरासाठी रोज सरासरी ३०० रुपये काढले गेले आणि त्यांची चिठ्ठी पडली नाही. तीस दिवसांत ९,००० रुपयांची विक्री वहीतून गायब झाली. विक्री ३,०९,००० दिसेल, मालाची किंमत तीच राहील, सुटलेले पैसे २६,००० दिसतील आणि टक्का ११ वरून साधारण साडेआठवर येईल. दर न बदलता आणि मालाचे मिश्रण न बदलता टक्का असा घसरला, तर कारणे मोजकीच असतात: न लिहिलेली उचल, उधारीच्या वहीत न चढलेला माल, मुदत संपून फेकलेला किंवा उंदरांनी नासवलेला माल, दोनदा धरलेले एखादे बिल, चोरी, किंवा मोजणीतील चूक. मी याच क्रमाने शोधतो, आणि बहुतेक वेळा पहिल्या दोनातच उत्तर सापडते. शेल्फवरून घरात नेलेले तेलाचे पाकीट हेही यातच येते. त्यासाठी उधारीच्या वहीत ‘घर’ या नावाचे एक पान उघडावे, नेलेली वस्तू खरेदीच्या दराने लिहावी आणि महिनाअखेरीस ती रक्कम उचलीत धरावी.

मोजणीतील चुकीचे मात्र भान ठेवावे. माल १०,००० रुपयांनी कमी-जास्त मोजला गेला, तर आपल्या विक्रीच्या मानाने टक्का तीनाने हलतो आणि नसलेल्या चोराचा शोध सुरू होतो. म्हणून दरमहा घाईघाईने सर्व माल अंदाजाने मांडण्यापेक्षा, गोण्या, तेलाचे डबे, साबण, चहा अशा किमती मालाची नीट मोजणी करावी आणि किरकोळ पुड्यांचा आकडा मागील पूर्ण मोजणीतला धरावा. तीन महिन्यांतून एकदा दुपारच्या बंद वेळेत, रोज एक-दोन फळ्या याप्रमाणे नव्हे, तर एकाच दिवशी सर्व माल मोजावा. फळ्या वेगवेगळ्या दिवशी मोजल्या, तर मधल्या दिवसांची विक्री आणि खरेदी मोजणीत घुसते.

वितरकासमोर अडचण का येते, याचे उत्तर त्याच महिन्याच्या आकड्यांतून निघते. सुटलेल्या ३५,००० मधून गाळ्याचे भाडे १४,०००, वीजबिल २,६०० आणि टेम्पो, पिशव्या, चहा वगैरे ३,४०० असा २०,००० रुपयांचा ‘ख’ खर्च वजा केला, तर दुकानाने आपल्याला १५,००० रुपये मिळवून दिले. ‘घ’ या अक्षराच्या रकमांची बेरीज, घरी नेलेल्या मालासह, २४,००० आहे. म्हणजे दुकानाने कमावले त्याहून ९,००० रुपये जास्त घरी गेले. शिवाय दुकानातील माल १,८०,००० वरून १,९२,००० झाला, म्हणजे १२,००० रुपये फळ्यांवर जाऊन बसले. कदाचित एखाद्या योजनेपोटी साबणाच्या जादा पेट्या घेतल्या असतील. आणि उधारीच्या वहीतील एकूण येणे, समजा, ७,००० ने वाढले. ९,००० अधिक १२,००० अधिक ७,००० म्हणजे २८,०००. गल्ला आणि बँक मिळून शिल्लक महिन्याच्या दोन्ही टोकांना सारखीच असेल, तर वितरकांच्या पानांवरील एकूण देणे याच महिन्यात बरोबर २८,००० रुपयांनी वाढलेले सापडेल. विक्री खोटी नव्हती आणि दुकान तोट्यातही नव्हते. वितरकाचे पैसे घरात, फळीवर आणि गिऱ्हाइकांकडे अशा तीन ठिकाणी अडकले होते.

आपल्या बाबतीत या तीन रकमा किती निघतील, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही, पण उपाय त्यांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. उचल जास्त असेल तर दर सोमवारी घरासाठी एक ठरावीक रक्कम एकदाच काढावी. वरील उदाहरणात ती आठवड्याला साडेतीन हजारांच्या वर जाऊ नये, आणि मधल्या दिवसांत भाजीसाठीदेखील गल्ल्याला हात लावू नये. माल वाढत असेल तर दहा पेट्यांवर एक पेटी फुकट या योजनेकडे पाहण्यापूर्वी ती वस्तू महिन्याला किती खपते हे पाहावे. उधारी वाढत असेल तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पानावर मर्यादा लिहून ठेवावी, आणि बाकी सांगताना वही त्याच्यासमोर उघडावी. वहीतील तारखा दिसल्या की ‘एवढे कसे झाले’ हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

सरकारी बाजूने दोन गोष्टी सांगतो, कारण आपल्या आकारमानाच्या दुकानाला त्या लागू पडण्याची शक्यता आहे. महिन्याला ३,१८,००० रुपयांची विक्री वर्षाला ३८,१६,००० होते. महाराष्ट्रात केवळ मालाचा व्यापार करणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी घ्यावी लागते, आणि करपात्र वस्तू विकणाऱ्याच्या या उलाढालीत सुटे धान्य, दूध यांसारख्या करमाफ मालाची विक्रीही मोजली जाते. म्हणून रोजमेळाच्या प्रत्येक पानाच्या तळाशी त्या दिवसाच्या विक्रीबरोबर १ एप्रिलपासूनची चढती बेरीजही लिहीत जावी. दिवाळी पाडव्याला नवी वही पूजण्याची रीत खुशाल पाळावी, पण ही बेरीज १ एप्रिल ते ३१ मार्च अशीच चालली पाहिजे. ती डिसेंबरात ३० लाखांच्या आसपास पोहोचलेली दिसली, तर मार्चची वाट न पाहता सल्लागाराकडे जावे.

दुसरी गोष्ट आयकराची. छोट्या व्यापाऱ्याला अंदाजित नफ्याच्या पद्धतीने विवरण भरता येते, आणि त्यात रोख विक्रीवर किमान ८ टक्के तर बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा धरला जातो. रोज रोख आणि ऑनलाइन विक्री वेगळी लिहिण्याचा उपयोग येथे होतो. ऑनलाइन घेऊन रोख देण्याचा व्यवहार वारंवार होत असेल, तर तो लिहिण्याची सवय याच कारणासाठी लावावी. वरच्या उदाहरणातील दुकानाचा खरा नफा विक्रीच्या पाच टक्क्यांहूनही कमी आहे, तेव्हा कोणती पद्धत सोयीची हे सल्लागाराला वही दाखवूनच ठरवावे.

सुरुवात करण्यासाठी येत्या १ तारखेची वाट पाहण्याची गरज नाही. आज रात्री गल्ला मोजून ती रक्कम उद्याच्या पानाच्या पहिल्या ओळीत लिहावी, आणि येत्या बंद दिवशी पहिली पूर्ण मोजणी करून घ्यावी. त्याच दिवशी प्रत्येक वितरकाला फोन करून त्याच्या वहीनुसार आपले किती देणे आहे ते विचारून त्याच्या पानावर उतरवावे. त्याचा आणि आपला आकडा पहिल्या खेपेला बहुधा जुळणार नाही. तारेतील बिले समोर ठेवून फरक कोठे आहे ते त्याच्याशी मोकळेपणाने तपासून घ्यावे.